अ‍ॅप अडलं की दिशा बदलावी का?

अ‍ॅप बाजारात येऊन दीड वर्ष झालेलं असतं. सुरुवातीला मित्रमंडळींनी डाउनलोड केलं, कुठेतरी छोटी बातमी छापून आली, गुंतवणूकदारांकडून थोडे पैसेही मिळाले. आता आकडे रेंगाळू लागलेत. दोन संस्थापकांपैकी एक म्हणतो, पेमेंटची स्क्रीन सुटसुटीत करू, सगळं मराठीत आणू, नोटिफिकेशन नीट पाठवू, लोक येतील. दुसरा म्हणतो, मूळ कल्पनेतच दम नाही, पैसे आहेत तोवर दुसरं काहीतरी करू. दोघंही मनापासून बोलत असतात आणि दोघांकडे आपापले पुरावे असतात. मग ज्याचे शेअर जास्त किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने निकाल लागतो.

दिशा बदलण्याला या क्षेत्रात ‘पिव्हट’ म्हणतात. पिव्हट करायचा की आहे तेच सुधारत राहायचं, हा वाद पुष्कळसा मोजून सोडवता येतो असं माझं ठाम मत आहे. पण काय मोजायचं हे नीट कळलं पाहिजे. एकूण डाउनलोड, एकूण ऑर्डरी, महिन्याचे सक्रिय ग्राहक हे आकडे गुंतवणूकदारांना दाखवायला बरे असतात, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांत नसतं. जाहिरातीवर दरमहा दोन लाख खर्च होत असतील तर नवी माणसं येतच राहतात आणि जुनी निघून जातात हे दिसत नाही. एकूण बेरीज वर चढत असते आणि धंदा आतून रिकामा होत असतो. खर्च थांबवला की दोन महिन्यांत सगळं उघडं पडतं.

म्हणून माणसांना आल्या महिन्याप्रमाणे वेगळं करायचं. जूनमध्ये आलेल्यांची एक तुकडी, जुलैची दुसरी, ऑगस्टची तिसरी. या तुकडीला कोहॉर्ट म्हणतात. प्रत्येक तुकडीतले किती लोक चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात अजून वापरताहेत, एवढंच पाहायचं. एखादा साधा एक्सेलचा तक्ता त्याला पुरतो.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. पुण्यात घरगुती डब्याचं एक अ‍ॅप आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागांत घरी स्वयंपाक करून डबा देणाऱ्या बायका आणि डबा हवा असणारे लोक यांची गाठ ते घालून देतं. संस्थापकांच्या डोळ्यांसमोर ग्राहक होता तो बाहेरगावाहून शिकायला आलेला विद्यार्थी. समजा जूनमध्ये १,००० लोकांनी अ‍ॅप घेतलं. पहिल्या आठवड्यात ३०० जणांनी डबा मागवला. चौथ्या आठवड्यात मागवणारे ९५ उरले, आठव्यात ७० आणि बाराव्यात ६६.

आता हेच आकडे दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये ३००, ९०, ३० आणि ८ असे असते तर? चौथ्या आठवड्यात ९५ आणि ९० यांत काहीच फरक दिसत नाही. त्या वेळी दोन्ही अ‍ॅपचे संस्थापक सारखेच हताश असतील. फरक पुढे उघड होतो. पहिल्या अ‍ॅपची रेषा उतरत उतरत सपाट झाली, ७० वरून ६६ म्हणजे गळती जवळजवळ थांबली. दुसऱ्याची शून्याकडे चालली आहे. सपाट झालेली रेषा कितीही खाली असो, तिचा अर्थ असा की काही माणसांच्या रोजच्या जगण्यात या वस्तूला जागा मिळाली. शून्याकडे जाणाऱ्या रेषेत अशी माणसंच नाहीत. तिथे पेमेंटची स्क्रीन सुटसुटीत करून काही होत नाही, कारण लोक पेमेंटला कंटाळून गेलेले नाहीत, त्यांना त्या वस्तूची गरजच लागली नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मोजायचा काळ वस्तूच्या स्वाभाविक वापराप्रमाणे ठरवावा लागतो. डबा रोजचा, म्हणून आठवडे मोजले. आयकर विवरणपत्र भरण्याचं अ‍ॅप लोक वर्षातून एकदा उघडतात, त्याला आठवड्याचा तक्ता लावला तर चांगलं अ‍ॅपही मेलेलं दिसेल. तिथे पुढच्या जुलैत किती जण परत आले, हेच पाहावं लागतं.

डब्याच्या अ‍ॅपकडे परत येऊ, कारण खरं काम इथून पुढे आहे. ते उरलेले ६६ जण कोण? संस्थापकांनी यादी काढून त्यांना फोन केले. पहिल्या आठवड्यात मागवलेल्या ३०० जणांत २४० विद्यार्थी होते. उरलेले ६० डबे मागवणारे बंगळुरूत, मुंबईत किंवा परदेशात राहणारे मुलगे-मुली होते, आणि त्यांनी डबा लावला होता तो पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी. बाराव्या आठवड्यात विद्यार्थी उरले २६, आईवडिलांचे डबे उरले ४०. म्हणजे विद्यार्थ्यांतले साधारण ११ टक्के टिकले आणि आईवडिलांच्या डब्यांतले दोन तृतीयांश. सगळ्यांची सरासरी काढली तर २२ टक्के येते, आणि त्या २२ टक्क्यांत दोन अगदी वेगळे धंदे झाकले जातात. एक चाललेला नाही, दुसरा चांगला चाललाय. विद्यार्थ्यांना महिन्याची मेस स्वस्त पडत होती, मित्रांबरोबर बसून जेवता येत होतं. आईवडिलांच्या बाबतीत दुसरी सोयच नव्हती.

हे कळल्यावर सुरुवातीच्या वादाचं रूपच बदलतं. सुधारायचं की वळायचं यापेक्षा कोणासाठी सुधारायचं हा प्रश्न पुढे येतो. स्वयंपाक करणाऱ्या बायका त्याच, डबा तोच, ग्राहक मात्र बदलला.

अशी माणसं शोधण्याची एक पद्धत स्टार्टअपच्या जगात चांगली रुळलेली आहे. ड्रॉपबॉक्सच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्या शॉन एलिस यांनी ती सुचवली. ग्राहकाला विचारायचं : उद्यापासून हे अ‍ॅप वापरता आलं नाही तर तुम्हाला कसं वाटेल? उत्तरं तीन : फार वाईट वाटेल, थोडं वाईट वाटेल, काही वाटणार नाही. एलिस यांनी बऱ्याच कंपन्यांचे आकडे पाहून म्हटलं की ‘फार वाईट वाटेल’ म्हणणारे ४० टक्क्यांच्या वर असतील तर वस्तू सहसा पुढे वाढते, त्याखाली असतील तर धडपडत राहते. प्रश्न विचारायचा तो वस्तू खरोखर वापरलेल्यांनाच, गेल्या दोन आठवड्यांत निदान दोनदा वापरलेल्यांना. एकदा उघडून बंद केलेल्याला वस्तूचं मर्म माहीतच नसतं. ‘तुम्हाला अ‍ॅप आवडतं का’ असं विचारलं की लोक भिडेपोटी हो म्हणतात. ‘नसलं तर काय होईल’ असं विचारलं की खरं बोलतात.

या एका प्रश्नावर कंपनीचं काम कसं उभं राहतं, हे पाहायला सुपरह्यूमन या ईमेलच्या अ‍ॅपची गोष्ट बघावी. राहुल व्होरा यांनी काढलेली ही अमेरिकी कंपनी. आधी त्यांनी रॅपोर्टिव्ह नावाचं ईमेलचंच एक साधन काढून ते लिंक्डइनला विकलं होतं. सुपरह्यूमनचा कोड लिहायला त्यांनी २०१५ मध्ये सुरुवात केली. २०१७ च्या उन्हाळ्यात कंपनीत १४ माणसं होती आणि वस्तू अजून सर्वांसाठी खुली केलेली नव्हती. जीमेल फुकट मिळत असताना महिन्याला ३० डॉलर देऊन दुसरं ईमेल कोण घेईल, हा प्रश्न समोर होताच. त्यांनी एलिस यांचा प्रश्न विचारला. ‘फार वाईट वाटेल’ म्हणणारे निघाले २२ टक्के. चाळीसच्या जवळपासही नाही. या आकड्यावर अनेकांनी पिव्हट केला असता.

व्होरा यांनी आधी त्या २२ टक्क्यांत कोण आहे ते पाहिलं. कंपन्यांचे संस्थापक, व्यवस्थापक, बड्या पदावरचे अधिकारी, नवे व्यवहार जुळवणारे लोक, म्हणजे दिवसभर ईमेलच्या ढिगात बसलेली माणसं. फक्त अशाच लोकांची उत्तरं मोजल्यावर आकडा तिशीच्या पुढे गेला. वस्तूत एक ओळही न बदलता. पुण्याच्या डब्यात विद्यार्थी वेगळे काढल्यावर जे दिसलं, तेच हे.

पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिथे बहुतेक कंपन्या चुकतात. ज्यांना ‘काही वाटणार नाही’ त्यांच्या सूचना व्होरा यांनी बाजूला ठेवल्या. त्यांना खूश करायला गेलं तर वस्तू भलतीकडेच जाते. ज्यांना ‘फार वाईट’ वाटेल त्यांना काय आवडतं, ते पाहिलं. उत्तर आलं : वेग, आणि माउसला हात न लावता कीबोर्डवरून सगळं करता येणं. मग ‘थोडं वाईट वाटेल’ म्हणणाऱ्यांतून ज्यांनाही हा वेगच आवडला होता तेवढेच निवडले, आणि त्यांना विचारलं, तुम्हाला अडवतंय काय? सगळ्यांत मोठी तक्रार निघाली ती मोबाइल अ‍ॅप नसल्याची. मग कामाची विभागणी अशी केली की निम्मी मेहनत लोकांना आवडतं ते आणखी चांगलं करण्यावर, म्हणजे वेग आणखी वाढवण्यावर, आणि निम्मी या काठावरच्या लोकांना अडवणाऱ्या गोष्टी दूर करण्यावर. आकडा सतत मोजत राहिले. साधारण नऊ महिन्यांत २२ चे ५८ टक्के झाले.

या गोष्टीत २२ हा आकडा महत्त्वाचा नाही, ५८ हाही नाही. केलेल्या कामाने आकडा हलला, हे महत्त्वाचं आहे. सुधारत राहायचं की नाही याचा निकाल आकड्याच्या उंचीवर लागत नाही, तो हलतोय की नाही यावर लागतो. २२ वर असलेलं अ‍ॅप कामागणिक वर सरकत असेल तर थांबू नये. ३५ वर असलेलं अ‍ॅप वर्षभर ३५ वरच बसलं असेल तर काळजी करावी.

आता उलट बाजूची गोष्ट. कॅनडातले स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांच्या साथीदारांनी २००९ मध्ये टायनी स्पेक ही कंपनी काढली आणि ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवायला घेतला. अकरा महाकाय जीवांच्या कल्पनेत वसलेलं एक जग, त्यात खेळाडूंनी एकमेकांना मदत करत हिंडायचं, झाडं लावायची, वस्तू बनवायच्या. मारामारी नाही, शत्रू नाहीत. चित्रं फार देखणी. २७ सप्टेंबर २०११ ला खेळ सर्वांसाठी खुला झाला. दोनच महिन्यांत कंपनीने तो पुन्हा चाचणीच्या अवस्थेत नेला आणि जाहीर सांगितलं की सुरुवातीचा भाग नव्या खेळाडूला नीट कळत नाही, तो आम्ही सुधारतो. पुढचं जवळजवळ वर्षभर ते सुधारत राहिले.

ग्लिचचे चाहते होते आणि ते जीव टाकणारे चाहते होते. एलिस यांचा प्रश्न त्यांना विचारला असता तर त्यांनी एका आवाजात ‘फार वाईट वाटेल’ म्हटलं असतं, आणि खेळ बंद झाल्यावर त्यांना तसं वाटलंही. इथे त्या प्रश्नाची मर्यादा कळते. जे उरलेत त्यांनाच तो विचारला जातो, जे निघून गेले ते उत्तर द्यायला नसतात. ग्लिचमध्ये नवी येणारी बहुतेक माणसं पहिल्या काही मिनिटांतच निघून जात होती. आत पोचलेल्यांना खेळ आवडत होता, पण दारातून आत येणारेच फार थोडे. वर्षभराच्या दुरुस्त्यांनीही नव्या तुकड्यांचं वागणं पुरेसं बदललं नाही. शिवाय खेळ फ्लॅशवर बांधलेला होता. लोक संगणकावरून मोबाइलकडे वळत होते आणि आयफोनवर फ्लॅश चालतच नव्हतं. म्हणजे अडचण एखाद्या स्क्रीनची नव्हती, पायाच चुकीच्या जमिनीवर होता. अशा वेळी सुधारणा करणारा कितीही हुशार असला तरी हरतो.

म्हणून सर्वेक्षण आणि तुकड्यांचा तक्ता हे दोन्ही एकत्र वाचावेत. उरलेले लोक जीव टाकताहेत, आणि तरी चार महिन्यांपूर्वीच्या तुकडीपेक्षा आजची तुकडी जराही जास्त टिकत नाही, असं दिसलं तर चाहत्यांच्या प्रेमाकडे बघून निर्णय करू नये.

१४ नोव्हेंबर २०१२ ला टायनी स्पेकने ग्लिच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ९ डिसेंबरला खेळ थांबला. खेळाडूंना त्यांनी भरलेले पैसे परत देऊ केले. बहुतेक कर्मचाऱ्यांना जावं लागलं, आणि त्यांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कंपनीने आपल्याच संकेतस्थळावर त्यांची ओळख करून देणारं पान ठेवलं. पुढे खेळातली चित्रंही सर्वांना मुक्त वापरासाठी देऊन टाकली.

कंपनीत मोजकी माणसं उरली आणि बँकेत सुमारे ५० लाख डॉलर. गुंतवणूकदारांना पैसे परत घ्यायचे असतील तर घ्या असं विचारलं, ते म्हणाले, ठेवा आणि दुसरं काही करा. हे दुसरं काही त्यांनी फळ्यासमोर बसून नव्याने शोधलेलं नव्हतं. व्हँकूव्हर, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क अशा ठिकाणी विखुरलेल्या या माणसांनी कामासाठी आपसात बोलायला आयआरसी या जुन्या गप्पांच्या साधनावर स्वतःपुरती एक व्यवस्था उभी केली होती. आयआरसीत आपण नसताना काय बोलणं झालं ते मागे जाऊन वाचता येत नसे, म्हणून त्यांनी संदेश साठवून ठेवण्याची सोय केली. मग त्यात शोध घेण्याची, मग फाइल जोडण्याची. तीन-साडेतीन वर्षं ते रोज ही व्यवस्था वापरत होते. तिच्याशिवाय आता आपलं काम चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे ‘नसलं तर फार वाईट वाटेल’ म्हणणारे पहिले ग्राहक ते स्वतः होते. तीच पुढे स्लॅक झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांकडून नोंदणी मागवली तेव्हा एका दिवसात ८,००० मागण्या आल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक सर्वांसाठी खुलं झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये सेल्सफोर्सने ते २,७७० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला.

भारतातलं उदाहरण मीशोचं. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये बंगळुरूत फॅशनिअर नावाचं अ‍ॅप काढलं. जवळपासच्या दुकानांतले कपडे मोबाइलवर बघा आणि मागवा, अशी कल्पना. ती चालली नाही. ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला सगळ्या देशातला माल बघायचा असतो, शेजारच्या चार दुकानांतला नव्हे. पण दुकानदारांमध्ये वावरताना संस्थापकांना दिसलं की अनेक जण आपला माल व्हॉट्सअ‍ॅपवरून विकताहेतच : गटात फोटो टाकायचा, ओळखीच्या बाईचा निरोप आला की साडी बाजूला काढून ठेवायची. यांच्यासाठी साधन बनवावं म्हणून मीशो निघालं. आणि ते वापरणाऱ्यांत पुष्कळ जणी अशा निघाल्या की ज्यांचं दुकानच नव्हतं. घरी बसून, घाऊक व्यापाऱ्याचा माल ओळखीपाळखीत विकून चार पैसे मिळवणाऱ्या बायका. मीशोने दुकानदार सोडून त्यांना धरलं, आणि काही वर्षांनी थेट ग्राहकाला विकण्याकडे आणखी एक वळण घेतलं.

स्लॅक आणि मीशो यांत सारखं काय आहे? दोन्हीकडे वळण घेण्याआधीच पलीकडे माणसं उभी होती आणि ओबडधोबड साधनांनी ते काम करत होती. अशा पिव्हटमध्ये अंदाज कमी असतो. याउलट, आपलं शिकवणीचं अ‍ॅप चाललं नाही म्हणून ‘आता शेतकऱ्यांसाठी काहीतरी करू’ असं ठरवणं, हा माझ्या मते पिव्हट नाहीच. ती नवी कंपनी आहे, फक्त जुन्या कंपनीच्या उरलेल्या पैशांवर सुरू केलेली. कधी ती चालेलही, पण तिला शून्यापासूनचा सगळा वेळ लागणार हे मान्य करून मगच तिच्यात पडावं. आपल्या अ‍ॅपमधून काही सापडत नसेल तर लोक ते आडवाटेने कसं वापरताहेत तिकडे लक्ष द्यावं. न विचारता कोणी काही वेगळंच करत असेल, आपल्या अ‍ॅपमधली माहिती वहीत उतरवून घेत असेल, ऑर्डरीच्या शेऱ्याच्या रकान्यात भलतंच काही लिहीत असेल, तर तिथे खोदावं.

डब्याच्या अ‍ॅपचा आणखी एक हिशेब बाकी आहे, कारण माणसं टिकली म्हणजे धंदा टिकला असं होत नाही. समजा डबा १२० रुपयांचा आणि त्यातले १५ टक्के, म्हणजे १८ रुपये, अ‍ॅपला मिळतात. विद्यार्थी विखुरलेले, वेळा वेगवेगळ्या, म्हणून एक डबा पोचवायला २५ रुपये लागतात. दर डब्याला ७ रुपयांचा तोटा. इथे अ‍ॅप सुधारून ऑर्डरी वाढवल्या तर तोटाच वाढतो. आईवडिलांचे डबे रोजचे, ठरलेल्या वेळेचे, आणि एकेका सोसायटीत पाच-सहा. एक मुलगा एका फेरीत पंधरा डबे पोचवतो, डब्यामागे खर्च १० रुपये येतो आणि ८ रुपये उरतात. त्यातून कार्यालय आणि पगार भागवायला असे किती डबे लागतील आणि पुण्यात तितकी घरं आहेत का, हे कागदावर मांडून पाहावं. ती नसतील तर या दुसऱ्या वाटेवरही मुक्काम लांबचा नाही.

हे सगळं करायला वेळ हवा, आणि वेळ म्हणजे बँकेतले पैसे. बँकेतली रक्कम भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, इतके महिने आपल्या हातात. आपल्या अ‍ॅपकडे ९० लाख आहेत, महिन्याचा खर्च १० लाख आणि उत्पन्न १ लाख असं धरू. म्हणजे दहा महिने. एक सुधारणा करून नव्या तुकडीचा बाराव्या आठवड्याचा आकडा बघायचा तर सुधारणा बांधायला महिना आणि वाट पाहायला तीन, असे चार महिने जातात. अशा दोन फेऱ्या केल्या की आठ महिने गेले आणि हातात दोनच उरले. ग्लिच बंद केल्याच्या घोषणेपासून स्लॅक लोकांसमोर यायला नऊ महिने लागले, सर्वांसाठी खुलं व्हायला पंधरा. तेही हाताशी साधन तयार असताना, अनुभवी माणसं असताना आणि खर्च एकदम खाली आणल्यावर. म्हणजे दहा महिन्यांचे पैसे असलेल्या कंपनीला सुधारणेची एकच फेरी परवडते. दुसरी करायची तर आधी खर्च निम्मा करावा लागेल. बहुतेक अ‍ॅप बंद पडतात ती चुकीच्या निर्णयामुळे कमी आणि निर्णय सहा महिने उशिरा घेतल्यामुळे जास्त, असं माझं मत आहे. पैसे संपत आल्यावर केलेला पिव्हट म्हणजे बंद करण्याचंच दुसरं नाव.

त्या एका फेरीसाठी अट आधी लिहून ठेवायची. डब्याच्या संस्थापकांनी असं लिहावं : ऑक्टोबरमध्ये आलेल्या आईवडिलांच्या डब्यांपैकी बाराव्या आठवड्यात दोन तृतीयांशाहून कमी टिकले, किंवा अशा नव्या घरांची संख्या जूनच्या साठावरून निदान १५० वर गेली नाही, तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हे थांबवायचं. तारीख, आकडा आणि खाली दोघांच्या सह्या. तसं न लिहिता फेरी केली की जानेवारीत प्रत्येक आकड्याला सबब मिळते : दिवाळीत लोक गावी गेले होते, त्या महिन्यात सर्व्हर दोनदा बंद पडला, जाहिरात उशिरा लागली. यातली प्रत्येक सबब खरी असते, म्हणूनच ती धोक्याची.

अशा लेखांतून सहसा राहून जाणारी एक गोष्ट आहे. पिव्हट करताना जुन्या वस्तूवर अवलंबून असलेल्यांचं काय होतं? विद्यार्थ्यांचे डबे थांबले की काही बायकांची महिन्याची ठरलेली कमाई जाते. डबे पोचवणाऱ्या मुलांचं काम कमी होतं. टायनी स्पेकला खेळाडूंचे पैसे परत देता आले आणि गेलेल्यांसाठी काही करता आलं, कारण त्यांनी बँकेत पैसे असताना थांबायचं ठरवलं. आपल्याकडे अनेक छोट्या कंपन्या शेवटच्या रुपयापर्यंत झगडतात आणि त्यानंतर पगारही थकतात, पुरवठादारांची देणीही बुडतात. या झगड्याला जिद्द म्हणून डोक्यावर घेतलं जातं. पण ती जिद्द ज्यांच्या पैशांवर चालते त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून अ‍ॅप चालवणाऱ्यांना एक विनंती. पुढची सुधारणा हाती घेण्याआधी सगळ्यांचा तीन महिन्यांचा पगार आणि पुरवठादारांची सगळी देणी वेगळ्या खात्यात काढून ठेवा, हातात किती महिने उरलेत ते त्यानंतरच मोजा, आणि तो आकडा कंपनीतल्या प्रत्येकाला सांगा.